हात, पाय, तोंड आणि पाण्याचा जमाखर्च

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा : गेल्या पावसाळ्यात आपल्या दोन्ही विंगांतल्या लहान मुलांना जी साथ लागली, तिच्याविषयी घरातल्या माणसांना समजेल असं बोला. मी काही डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे आकडे लिहून ठेवायची सवय हाडात भिनली आहे. माझ्या धाकट्या नातवाला हा आजार झाला तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी जे जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, नंतर त्यावर वाचन केलं, आणि जिथे अडलो तिथे पुन्हा त्यांना विचारलं. आज जे सांगणार आहे ते त्या वहीतलं आहे.

आजाराचं डॉक्टरी नाव सरळ आहे : हॅन्ड, फूट अँड माउथ डिसीज. म्हणजे हात, पाय आणि तोंड यांचा आजार. पण आपल्या शिराळ्यात हे नाव ऐकलं की पहिला घोटाळा होतो. आपला सगळा तालुका दुधाचा. गाई-म्हशींना तोंडाला आणि खुरांना जो रोग होतो, तो लाळ्या-खुरकूत, त्याचं इंग्रजी नाव जवळजवळ हेच आहे. त्यात पोराच्या तोंडातूनही लाळ गळते. आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या मावशी नातवाकडे बघून लगेच म्हणाल्या, "आवं दादा, ह्येला लाळ्या झाल्यात न्हवं? गोठ्यात नेलं हुतं का पोराला?" सूनबाई इतकी घाबरली की तिने त्या दिवशी दूधच घ्यायचं नाकारलं.

तेव्हा हे आधी नीट लक्षात घ्या. जनावरांचा लाळ्या-खुरकूत वेगळ्या विषाणूमुळे होतो आणि मुलांचा हा आजार वेगळ्या. म्हशीपासून मुलाला हा आजार येत नाही आणि मुलापासून म्हशीला जात नाही. मुलाला तो दुसऱ्या माणसाकडूनच येतो, बहुधा दुसऱ्या लहान मुलाकडून. उकळलेलं दूध बंद करायचं काही कारण नाही. उलट, पुढे मी सांगणार आहे की या आजारात थंड केलेलं दूध हेच मोठं औषध आहे.

दुसरा घोटाळा कांजिण्यांशी होतो. अंगावर फोड दिसले की आपल्याकडे देवी-कांजिण्यांचे सगळे नियम लागू होतात : अंघोळ बंद, दारात कडुनिंबाचा डहाळा, तेलाची फोडणी बंद. कांजिण्यांचे फोड पोटावर, छातीवर, पाठीवर जास्त येतात, त्यांना खाज फार सुटते, आणि एकाच वेळी काही नवे, काही भरलेले, काही खपली धरलेले असे सगळ्या वयाचे फोड दिसतात. या आजारात तळहात, तळपाय आणि तोंडाची आतली बाजू ही ठरलेली ठिकाणं. शिवाय ढुंगणावर, गुडघ्यांवर, कोपरांवरही पुटकुळ्या येतात, आणि ते या आजाराला धरूनच आहे. पुटकुळी लांबट, करडसर, भोवती लाल कडा असलेली असते आणि खाजण्यापेक्षा दुखते जास्त. अंघोळ घालायला हरकत नाही, कोमट पाण्याने घालावी. फोड मात्र फोडायचे नाहीत, त्यातल्या पाण्यात विषाणू असतो.

हा आजार अचानक आपल्याच सोसायटीत उगवला असंही नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९५७ साली त्याची साथ नोंदवली गेली आणि दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या साथीच्या वेळी त्याला हे नाव पडलं. तो ज्या विषाणूंमुळे होतो त्यातल्या एका मोठ्या गटाला कॉक्सॅकी म्हणतात. हे अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचं नाव, कारण तिथल्या मुलांमध्ये तो पहिल्यांदा सापडला. आपल्या देशात २००३ साली केरळातल्या कालिकतला साथ नोंदवली गेली. महाराष्ट्रात नागपूरला २००५-०६ च्या सुमारास मुलं अशीच आजारी पडली आणि २००८ मध्ये त्यावर त्वचारोगाच्या नियतकालिकात लेखही आला. २०२२ मध्ये केरळातून 'टोमॅटो फ्लू' नावाची बातमी आली आणि घरोघर घबराट झाली. ती साथही मुख्यतः याच आजाराची होती. टोमॅटोचा संबंध फक्त फोडाच्या रंगाशी. त्या वर्षी कोणी टोमॅटो खायचे सोडले असतील तर ते उगीचच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या आजाराला विषाणू मारणारं औषध नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण ती जिवाणूंवर चालतात. आपल्याकडे यावर लसही मिळत नाही. चीनमध्ये एका प्रकारच्या विषाणूवर लस आहे, पण ती एवढ्या एकाच प्रकारापुरती. आजार आपोआप सात ते दहा दिवसांत बरा होतो. मग घरच्यांनी करायचं काय? डॉक्टरांनी मला एका वाक्यात सांगितलं : "काका, फोड मोजू नका, पाणी मोजा."

कारण असं. या आजारात साधारणपणे मुलाला धोका फोडांचा नसतो, ताप एक-दोन दिवसांत उतरतो. पण तोंडात जिभेवर, गालाच्या आत, टाळ्याला जे व्रण पडतात, ते गिळताना प्रचंड दुखतात. मोठ्या माणसाचं एकदा तोंड आलं तर आपण दोन दिवस तिखट सोडतो, पण पाणी पितोच. दीड वर्षाच्या मुलाला हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की घोट घेतला की आग होते, म्हणून ते पेला ढकलून देतं. लाळसुद्धा गिळत नाही, ती बाहेर गळते. वरून तापाने अंगातलं पाणी उडतंच आहे. म्हणजे खात्यातून रक्कम जाते आहे आणि जमा काहीच होत नाही. मूल कोरडं पडतं ते असं, आणि दवाखान्यात सलाईन लावायची वेळ येते ती बहुतेक याच कारणाने.

म्हणून मी वहीत एका बाजूला जमा लिहिलं, पोटात गेलेले मिलीलिटर. दुसऱ्या बाजूला खर्च लिहिला, लघवीची वेळ. तेवढीच वही. आता माझ्या नातवाचंच उदाहरण दिवसवार सांगतो. वय अठरा महिने, वजन बरोबर दहा किलो. हिशेबाला सोपं म्हणून तेच घेतो.

पहिला दिवस. दुपारी अंग गरम, थर्मामीटरवर १०१.४. किरकिर, पण खेळणं चालू. पावसाळ्याचे दिवस, आम्हाला वाटलं सर्दीचा ताप असेल. मूल अशा दुसऱ्या मुलाच्या संपर्कात आल्यापासून साधारण तीन ते सहा दिवसांनी ताप येतो. तेव्हा आठवून बघितलं, तर चार दिवसांपूर्वी नागपंचमीला आलेल्या पाहुण्यांची मुलं आणि हा एकाच ताटातून खात होते. यात कोणाचा दोष नाही, कारण ताप यायच्या आधीपासूनच मूल दुसऱ्याला देऊ शकतं.

दुसरा दिवस. सकाळी लाळेने झबल्याची छाती भिजली. दुधाचा पहिला घोट घेतला आणि किंचाळला. बाटली तोंडात धरायलाही तयार नाही. टॉर्च लावून पाहिलं तर जिभेच्या कडेला आणि टाळ्याला लाल ठिपके, दोनांच्या मधे पांढरट खड्डा. अंगावर अजून काहीच नाही. इथे बरीच कुटुंबं 'दात येत आहेत' म्हणून सोडून देतात. दात येताना लाळ गळते हे खरं, पण ताप असताना मूल पाणीसुद्धा नाकारत असेल तर तोंड उघडून बघावं.

तिसरा दिवस. तळहात, तळपाय आणि ढुंगणावर पुटकुळ्या. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंड, हात, पाय, छाती तपासली, मान वाकते का पाहिलं, लघवी किती वेळा झाली ते विचारलं. रक्त तपासायला सांगितलं नाही आणि प्रतिजैविकही दिलं नाही. आमच्या घरात यावर थोडी नाराजी झाली. एवढा ताप आणि एकच औषध? पण बरोबर तेच होतं.

ते एक औषध म्हणजे पॅरासिटामॉल. यातच सगळ्यात मोठी चूक होऊ शकते, म्हणून थोडा वेळ देतो. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळेला किलोमागे जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला म्हणजे १५० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आता बाजारात हे औषध तीन वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. एका बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, तिथे १५० मिलिग्रॅम म्हणजे ६ मिली. दुसरीवर ५ मिलीत २५०, तिथे तेच १५० म्हणजे ३ मिली. आणि तान्ह्यांसाठीचे थेंब येतात, त्यात एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम, तिथे फक्त दीड मिली. तिन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नाव एकच. समजा, शेजारणीने सांगितलं 'आम्ही ६ मिली देतो' आणि तुमच्या घरात थेंबांची बाटली असेल, तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जाईल, हव्या त्याच्या चौपट. जास्त मात्रेने यकृतावर परिणाम होतो. म्हणून बाटलीवरची ताकद वाचायची, डॉक्टरांकडून मिली लिहून घ्यायचे, आणि औषध बाटलीबरोबर आलेल्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने द्यायचं. घरातला चमचा कुठे ३ मिलीचा असतो, कुठे ७ मिलीचा.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही, त्याने दुर्मिळ पण जीवघेणा त्रास होऊ शकतो. आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, विशेषतः पावसाळ्यात, कारण डेंग्यूची शंका असताना ते धोक्याचं ठरतं आणि मूल कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंडांना त्रास देतं.

पॅरासिटामॉल फक्त ताप उतरवायला द्यायचं असं आपण समजतो. इथे त्याचा खरा उपयोग दुखणं कमी करण्याचा. डोस दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्रणांची आग थोडी कमी होते, आणि तीच पाजायची वेळ. हे सूत्र आम्हाला डॉक्टरांनी दिलं आणि त्याने चित्र पालटलं. आधी औषध, मग अर्धा तास थांबणं, मग थंड दूध.

आता जमेची बाजू. दहा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण एक लिटर पातळ पदार्थ लागतात. हिशेब असा : पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिली. यात पाणी, दूध, पेज सगळं धरायचं. आजारात एवढं जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं की निदान निम्म्याच्या वर जावं आणि लघवी चालू राहावी. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता माझ्या वहीत जमेला फक्त ११० मिली होते.

मग चमच्याचा हिशेब केला. एक लहान चमचा म्हणजे ५ मिली. दर तीन मिनिटांनी एक चमचा दिला तर तासात वीस चमचे, म्हणजे १०० मिली. मुलाच्या तोंडाशी पेला लावून 'पी, पी' म्हणण्यात दोघेही रडकुंडीला येतात, पण चमच्यागणिक हे जमतं. सूनबाई, आमची मंडळी आणि मी, तिघांनी पाळ्या लावल्या. बाटली बंद केली, कारण ओढताना बूच व्रणांना घासतं. वाटी आणि चमचा. चमचा जिभेच्या टोकावर न रिकामा करता गालाच्या आत, जिथे व्रण नाही त्या बाजूला.

काय द्यायचं? थंड. इथे आमच्या घरातल्या ज्येष्ठांनी हरकत घेतली : तापात थंड? खोकला होईल! पण या दुखण्यात थंड पदार्थाने तोंड थोडं बधिर होतं आणि गिळता येतं. डॉक्टरांची स्पष्ट परवानगी होती. आम्ही दिलं ते असं : उकळून गार केलेलं दूध, आपल्याच भाताची पातळ पेज गार करून, नाचणीची दुधातली पातळ लापशी, गोड ताजं दही फेटून, कुस्करलेलं केळं, मधेमधे गार पाणी. दिवसातून एकदा चमचाभर साधं आइस्क्रीम दिलं तेही चाललं. लिंबू, मोसंबी, चिंच, आंबट ताक, मीठ लागलेले वेफर्स, गरम वरण, मसाल्याचं काही, ही सगळी आगीत तेल ओतणारी मंडळी. एक-दोन दिवस घन अन्न गेलं नाही तरी चालतं, पातळ मात्र जायलाच हवं.

लघवी कमी वाटली तर ओआरएस. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं बघून घ्या, तसल्याच नावाची गोड पेयं दुकानात असतात, ती ओआरएस नव्हेत. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान पाकिटावर २०० मिली लिहिलेलं असतं, ते वाचून पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात घालायचं. 'मूल थोडंच पितं' म्हणून अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घातलं की मीठ जास्त होतं आणि ते उलट घात करतं. एकदा तयार केलेलं चोवीस तासांनी टाकून द्यायचं. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

आता खर्चाची बाजू. डायपर असलं की लघवी किती झाली ते कळत नाही, म्हणून आजारापुरतं सुती लंगोट बांधलं. त्या दिवशी शेवटची नोंद सकाळी साडेअकराची. संध्याकाळी साडेसहा वाजले, सात तास झाले, लंगोट कोरडं. डॉक्टरांनी आठ तासांची रेघ आखून दिली होती : आठ तास लघवी नाही, तर घरी बसायचं नाही, तडक आणायचं. मुलगा गाडीची चावी हातात घेऊन उभा होता. जमेला तोवर ३८० मिली झाले होते. सहाला औषध दिलं होतं, त्यामुळे पाऊण तासाने त्याने थंड दूध बऱ्यापैकी घेतलं. सात वाजून दहा मिनिटांनी लंगोट ओलं झालं. आमच्या घरात लंगोट ओलं झाल्याचा एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. रात्री दहाला जमा ५२० मिली. निम्म्याच्या थोडं वर.

तरीही एक स्पष्ट सांगतो. लंगोट ओलं झालं नसतं तर साडेसातच्या ठोक्याला आम्ही निघालोच असतो, 'अजून अर्धा तास बघू' म्हटलं नसतं. रेघ आधी आखलेली असली की रात्रीच्या वेळी घरात वाद होत नाही.

चौथा दिवस. जमा ७६० मिली, पाच वेळा लघवी, ताप ९९. पाचवा दिवस, ताप नाही, मऊ भात दुधात कालवून खाल्ला. आठव्या दिवशी फोड सुकले, व्रण भरले, आणि पोरगं पुन्हा कपाटं उघडायला लागलं. पाचेक आठवड्यांनी त्याच्या अंगठ्याचं नख मुळापासून सुटून निघालं. सूनबाई पुन्हा घाबरली. पण या आजारातल्या एका विषाणूमुळे काही मुलांची नखं महिना-दोन महिन्यांनी निघतात, दुखत नाही, खालून नवीन नख येतं. त्यालाही आलं. गेल्या पावसाळ्यात ज्यांच्या घरी आजार झाला त्यांनी हे लक्षात ठेवा, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या आणायला धावणार नाही.

घरगुती औषधांबद्दल दोन शब्द. तोंड आलं की आपल्याकडे टाकणखार मधातून किंवा ग्लिसरीनमधून लावतात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. लहान मूल ते गिळतं, आणि गिळलेलं बोरॅक्स त्याला विषासारखं आहे. हे लावू नका. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला कोणत्याही कारणाने देऊ नका. तोंड बधिर करणारी जेल दुकानातून आणून लावू नका, दोन वर्षांच्या आतल्या मुलांत त्याचे गंभीर परिणाम झालेले आहेत. तुरटी, हळद चोळणं यानेही व्रण सोलवटतात. जाईचा पाला चघळणं मोठ्या माणसाला ठीक, दीड वर्षाच्या मुलाच्या घशात पान अडकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे कृपया गप्पा थांबवा. या आजाराला कारण असलेल्या विषाणूंमध्ये एन्टेरोव्हायरस ७१ नावाचा एक आहे, तो क्वचित मेंदूवर जातो. १९९७ मध्ये मलेशियाच्या सारावाकमध्ये आणि २००८ मध्ये चीनमध्ये त्याने मुलं दगावली. बहुसंख्य मुलांना असं काही होत नाही, पण लक्षण ओळखता आलं पाहिजे. फोड कमी आहेत म्हणून आजार सौम्य, असा इथे हिशेब नाही. पुढीलपैकी एकही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं, वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा :

झोप लागता लागता किंवा झोपेत मूल वारंवार दचकतं, हातपाय झटकतं. सतत उलट्या होतात. ताप तीन दिवसांच्या पुढे चालू राहतो, किंवा १०२ च्या वर चढून औषधानेही हटत नाही. मूल मलूल, उठवलं तरी डोळे उघडून ओळखत नाही. चालताना लटपटतं, हातापायात जोर नाही. श्वास जोरात चालतो, किंवा अंग गरम असून हातपाय गार आणि ठिपकेदार पडतात. झटका येतो. आणि आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं. शिवाय मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल तर यातलं काही दिसायची वाट न पाहता ताप येताच दाखवायचं.

यातल्या दचकण्याकडे विशेष लक्ष द्या. 'स्वप्न पडलं असेल', 'नजर लागली', असं म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात वेळ जातो. ओवाळायचं असेल तर गाडीत ओवाळा.

शेवटचा मुद्दा सोसायटीचा. हा विषाणू लाळेत, नाकातल्या पाण्यात, फोडातल्या पाण्यात असतो, आणि शौचावाटे तर मूल बरं झाल्यावरही कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे मूल खेळायला लागलं तरी त्याचं लंगोट बदलणाऱ्या हातांवर जबाबदारी असतेच. कोविडपासून आपल्या प्रत्येक दारात सॅनिटायझरची बाटली आहे. पण या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, आणि सॅनिटायझरमधला अल्कोहोल मुख्यतः ते आवरण विरघळवूनच विषाणू मारतो. म्हणून इथे तो कमी पडतो. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद चोळून, लंगोट बदलल्यावर आणि भरवण्याआधी. खेळणी आणि फरशी आधी साबणाने धुवायची, मग ब्लीचच्या पाण्याने पुसायची. दुकानातलं पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि पन्नास भाग पाणी, रोज ताजं करायचं. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्यायचं, कारण मुलं खेळणी तोंडात घालतात. ॲसिडच्या बाटलीबरोबर ते कधी मिसळू नका, विषारी वायू निघतो.

मूल घरी किती दिवस ठेवायचं? ताप जाऊन, लाळ थांबून, फोड सुकेपर्यंत. साधारण आठवडा. बालवाडी किंवा अंगणवाडी तेवढे दिवस बुडाली तर बुडू दे. मोठ्या माणसांनाही हा आजार होतो, कधी फक्त घसा दुखतो आणि कळतही नाही. घरात गर्भवती असेल तर तिने लंगोट बदलायचं काम दुसऱ्याला द्यावं आणि आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं. आणि एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही असंही नाही, कारण विषाणू अनेक आहेत. पुढच्या पावसाळ्यात दुसरा येऊ शकतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक साधी सूचना आहे. कोणाच्या घरी हा आजार झाला तर त्यांनी सेक्रेटरींना फोन करावा. सेक्रेटरींनी फलकावर कोणाचं नाव, फ्लॅट नंबर न लिहिता एवढंच लिहावं की 'सोसायटीत हाता-पाया-तोंडाचा आजार आहे, मुलांच्या तोंडाकडे लक्ष ठेवा', आणि खालची घसरगुंडी आठवडाभर रोज ब्लीचने पुसून घ्यावी. नाव लिहिलं की लोक लपवतात, आणि लपवलं की साथ पसरते. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांच्या दाराशी थंड पेजेचं भांडं ठेवून यावं, तोंड फिरवू नये.

स्मरणिकेच्या मागच्या पानावर मी एक कोरा तक्ता छापायला दिला आहे : तारीख, वेळ, औषध किती मिली, पोटात किती गेलं, लघवी केव्हा. कापून फ्रिजवर लावा. वापरायची वेळ येऊ नये, पण आली तर रात्री दोन वाजता कोरा कागद शोधायला लागू नये.